माजघरातून ऐकलेली वाटणी

पहिल्या चाचणीच्या खेळाला नऊ जण होते. लघुपट संपल्यावर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : बाहेर काय झालं ते सांगा. चौघांनी सांगितलं की ओसरीवर कुणीतरी गळफास घेतला. दोघांनी मलाच विचारलं, ते बाळ कुणाचं? एका काकांना वाटलं की पाहुणे सामान घेऊन राहायला आले. खरं तर बाहेर दोन भाऊ घराची वाटणी करत होते. कुणी मेलं नव्हतं, बाळ नव्हतंच, आणि सामान येत नव्हतं, चाललं होतं.

बारा मिनिटांच्या त्या लघुपटातली सात मिनिटं ओसरीवर घडतात आणि ओसरी एकदाही दिसत नाही. ती सात मिनिटं माझ्याकडे होती, कारण आवाजाचं काम माझं. पुढच्या दीड महिन्यात ती तीनदा नव्याने बांधली. कुठे काय चुकलं, ते कसं कळलं आणि कशाने सुटलं, हे सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवतो आहे.

गोष्ट आणि जागा

गोष्ट साधी. साताऱ्याकडच्या एका गावातला जुना वाडा. घरात विधवा आत्या, वय सत्तरच्या पुढे. हक्कसोड तिने केव्हाच करून दिलेली, त्यामुळे वाटणीत तिला स्थान नाही. भाचे ओसरीवर बसून भांडीकुंडी वाटून घेतात, गावातले एक काका यादी वाचतात आणि आत्या माजघरात तांदूळ निवडत बसते. कॅमेरा तिच्यासमोरून हलत नाही.

आधीच्या मसुद्यात ओसरीचे तीन प्रसंग होते. वाडा आम्हाला दोनच दिवस मिळत होता, आठ नटांचा खर्च झेपत नव्हता, टेम्पोचं भाडं वेगळंच. म्हणून दिग्दर्शिकेने ओसरी काढून टाकली, असं मला वाटलं आणि मी ते तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "पैसे वाचले ते बरंच झालं. पण आत्याला तिथे बोलावलंच नाहीये ना? मग आपण कसे जाऊन बसणार?" हे मला पटलं. जुन्या वाड्यात पुरुषांची बैठक ओसरीवर बसायची आणि बायका माजघराच्या दाराआडून ऐकायच्या. ऐकायचं, पण दिसायचं नाही, हीच तिथली बायकांची जागा. लघुपटात ती जागा प्रेक्षकाला दिली होती.

युक्ती नवी नाही. संस्कृत नाटकांत ‘नेपथ्ये’ असं लिहून पडद्यामागून आवाज येतो, आणि न दाखवलेली घटना पडद्याआडच्या माणसांकडून कळवण्याच्या या रीतीला धनंजयाच्या दहाव्या शतकातल्या ‘दशरूपका’त चूलिका हे स्वतंत्र नाव आहे. मराठी रंगभूमीवर मात्र नेपथ्य म्हणजे समोर दिसणारा देखावा झाला. शब्दाने अशी जागा बदलली याची मला उगीचच गंमत वाटते.

पण चूलिकेत पात्र बोलून सांगतं. अमक्याने तमक्याला मारलं हो, असं स्पष्ट. आमच्याकडे तशी सोय नव्हती, कारण दाराआडून कुणी आत्यासाठी निवेदन करत नाही. तिला जेवढं ऐकू येईल तेवढंच आपलं.

बाळ कुठून आलं

वाड्यात ओसरीच्या तुळईला झोपाळ्याचे आकडे होते, झोपाळा नव्हता. दाखवायचाच नाही तर आणायचा कशाला, म्हणून पहिल्या मिक्समध्ये मी माझ्या संग्रहातली एक लाकडी कुरकुर घेतली, तिचा लूप केला आणि सुरुवातीपासून खाली पसरून दिली. छान वाटत होती. झोपाळ्याची कुरकुर म्हणजे घराचा श्वास वगैरे कल्पना होती.

दोघांना तिच्यात पाळणा ऐकू आला. मी कुरकुर बदलून पाहिली, जाड केली, बारीक केली, तरी माझ्या बायकोनेसुद्धा पाळणाच म्हटलं. मग घड्याळ लावून मोजलं. माझ्या लूपमध्ये एक जाणं-येणं दोन सेकंदांत होत होतं.

लोंबणाऱ्या वस्तूचा वेग तिच्या लांबीवर ठरतो, वर कोण बसलंय यावर नाही. सात फुटी कड्यांच्या झोपाळ्याला जाऊन यायला जवळपास तीन सेकंद लागतात. तीन फूट दोरीचा पाळणा दोन सेकंदांच्या आतच एक फेरी करतो. हे सूत्र कुणाला ठाऊक असायची गरज नाही, ज्याने लहानपणी झोपाळ्यावर दुपारी काढल्यात त्याच्या अंगात ते असतं. कुरकुरीचा पोत लाकडाचा होता, पण चाल पाळण्याची होती, आणि कानाने चालीवर विश्वास ठेवला. नुसतं ऐकून वस्तू ओळखायची असेल तर आवाज कसा आहे यापेक्षा तो कितीकितीने येतो, हे बहुतेक वेळा आधी कळतं.

मग पुण्यातल्या एका मित्राच्या आजोळी खरा झोपाळा गाठला. कड्या सात फुटांच्या आसपास. एक माइक आकड्याजवळ, एक सहा फुटांवर. खऱ्या झोपाळ्याच्या एका फेरीत दोन कुरकुरी निघतात, जाताना एक आणि येताना दुसरी, आणि त्या सारख्या नसतात. जाताना लांब, येताना तुटक. शिवाय बसलेला माणूस मधूनमधून पायाने जमिनीला रेटा देतो, तेव्हा चपलेचा एक घसारा येतो आणि पुढची कुरकुर जरा मोठी होते. हा रेटा सापडल्यावर झोपाळ्यावर माणूस बसला. त्याआधी तो नुसता हलत होता.

इथे एक मर्यादाही लक्षात आली. रॉबेर ब्रेसों यांच्या १९५६ सालच्या एका चित्रपटात तुरुंगातून पळणारे कैदी छपरावर पोचतात तेव्हा त्यांना एक कुईकुई ऐकू येते. कसली ते त्यांनाही कळत नाही, आपल्यालाही नाही. नंतर दिसतं की पहारेकरी सायकलवरून भिंतीच्या आतून घिरट्या घालतोय. तिथे आवाज अनोळखी ठेवणं परवडतं, कारण शेवटी तो दिसणार आहे. आमची वस्तू शेवटपर्यंत दिसणार नव्हती. त्यामुळे गोष्टीला तिची गरज पडण्याआधीच ती प्रेक्षकाला ओळखू यायला हवी होती. म्हणून लघुपट सुरू झाल्यावर पहिलं दीड मिनिट आता दुसरं काहीच नाही : आत्या सूप घेऊन बसते, बाहेर झोपाळा, आणि एक लहान मुलगा ओरडतो, "मला पण झोका!" हे एक वाक्य ढोबळ आहे, मला माहीत आहे. पण त्या वाक्यानंतर एकालाही पाळणा ऐकू आला नाही.

दाराचा आवाज

माजघराचं दार सागवानी फळ्यांचं, दोन पाखी, खाली बोटभर फट. चौकटीत ते उजवीकडे आहे, पण पडद्यावर दाराऐवजी त्यातून आलेला उन्हाचा पट्टा तेवढा जमिनीवर दिसतो. तिसऱ्या मिनिटाला थोरली सून बाहेरूनच दार ओढून घेते. पट्टा बारीक होत जातो आणि बाहेरचे आवाज बुजतात.

पहिल्या मिक्समध्ये मी सगळ्यांसारखंच केलं होतं. दार बंद झालं की वरच्या पट्टीतले आवाज कापायचे, पातळी खाली घ्यायची. ऐकताना वाटायचं की आत्याच्या कानावर कुणी गोधडी टाकली आहे. खरं दार तसं नसतं. भिंतीतून आणि फळीतून आलेला आवाज बोदा होतो हे खरं, पण फटीतून येणारा आवाज क्षीण असला तरी धारदार राहतो. त्यामुळे बंद दाराआडच्या बोलण्यात शब्दांचा गाभा हरवतो, तरी स, च, त यांच्या कडा मधूनच टोचत राहतात. हे मिश्रण फिल्टर फिरवून जमेना.

वॉल्टर मर्च यांनी १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’साठी रेडिओवरची गाणी खऱ्या जागेत स्पीकरवर वाजवून पुन्हा मुद्रित केली होती. आम्ही तेच केलं. झोपाळा, बोलणी, भांडी, सगळं स्वच्छ मुद्रित करून वाड्यावर परत गेलो. ओसरीवर बॅटरीवरचा स्पीकर ठेवला, झोपाळ्याच्या जागी झोपाळ्याच्याच उंचीवर. माइक माजघरात, आत्या बसायची तिथे, जमिनीपासून अडीच फुटांवर. आधी उभ्या माणसाच्या उंचीला लावला होता, तेव्हा दाराखालच्या फटीचा आवाज जवळजवळ गेलाच. बसलेल्या बाईला उभ्या माणसापेक्षा वेगळं ऐकू येतं, हे मला तिथे कळलं. सगळे आवाज तीनदा वाजवले : दार उघडं, अर्धं लोटलेलं, बंद. आमच्या नोंदीत उघड्या आणि बंद दारात साधारण १४ डेसिबलचा फरक आला.

वेळेचा घोळ झाला तो वेगळाच. शांतता हवी म्हणून पहिल्यांदा रात्री एक वाजता गेलो आणि दुपारच्या प्रसंगात रातकिडे घेऊन आलो. दुसऱ्यांदा दुपारी गेलो तर शेजारची पिठाची गिरणी. शेवटी गावात वीज जाण्याची वेळ विचारून घेतली. गिरणी बंद, पंप बंद, टीव्ही बंद. दीड तास मिळाला, तेवढा पुरला.

या सगळ्याचा मोठा फायदा असा झाला की दार ओढून घेण्याचा क्षण आता अर्थ सांगू लागला. आधी उघड्या दारातून दीड मिनिट स्पष्ट ऐकलेलं असतं, मग पट्टा बारीक होतो आणि आवाज आत्याच्या वाट्याला येतो तेवढाच उरतो. दुसऱ्या चाचणीत एक बाई म्हणाल्या, "दार लावून घेतलं बघा तिच्या तोंडावर." पडद्यावर दार लागताना दिसत नाही, हे मुद्दाम सांगतो.

एक मोह टाळला त्याचीही नोंद करतो. दार उजवीकडे म्हणून बाहेरचे आवाज मी उजव्या स्पीकरमध्ये लोटले होते. कॉलेजच्या सभागृहात लावून पाहिलं तेव्हा "मला पण झोका!" या ओरडण्याला पहिल्या रांगेतल्या दोघांनी मान वळवून सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. आवाज पडद्याबाहेर फार नेला तर तो गोष्टीतल्या घराबाहेर जातो आणि प्रेक्षकांच्या खोलीत येतो. आता सगळं जवळपास मधोमध आहे, फक्त घुमारा किंचित उजवीकडे. दिशा उन्हाचा पट्टा सांगतो.

पाच शब्द

चित्रीकरणाच्या वेळी ओसरीवर चार नटांनी सहा पानांची वाटणी खरोखर केली होती. आत्याची भूमिका करणाऱ्या बाईंना ऐकायला काहीतरी खरं हवं, हा हेतू होता, आणि तो बरोबर होता. पण आम्ही तेच बोलणं लघुपटात वापरलं, ही चूक झाली. संकलनाच्या खोलीत आम्हा सगळ्यांना शब्दन् शब्द ऐकू यायचा. यायचाच, संहिता पाठ होती. नऊ प्रेक्षकांपैकी कुणालाही एक वाक्य धड सांगता आलं नाही. तेव्हापासून मी एक पाळतो : न दिसणाऱ्या बोलण्याचा मिक्स, ज्याने संहिता वाचली नाही अशा माणसाला ऐकवल्याशिवाय पक्का धरायचा नाही. स्वतःच्या कानाचा इथे काही उपयोग नसतो.

शब्द बुडवत होतं ते सूप. तांदूळ सुपात फिरतात तेव्हा वरच्या पट्टीत सलग खसखस होते, आणि बोलण्यातली व्यंजनं नेमकी तिथेच असतात. जवळचा, दिसणारा आवाज लांबच्या, न दिसणाऱ्या आवाजाला खाऊन टाकतो. बोलण्याची पातळी वाढवून पाहिली तर दार लागलेलं असूनही माणसं माजघरात येऊन बोलल्यासारखी झाली.

म्हणून दिग्दर्शिकेबरोबर बसून ठरवलं की सहा पानांतून पाच गोष्टी ऐकू आल्या की पुरे : बंब, घड्याळ, झोपाळा, आत्याचं नाव, आणि एक अर्धं वाक्य. बाकी सगळी कुजबुज, फक्त सूर कळावा. यादी वाचणाऱ्या काकांचा एकसुरी आवाज, थोरल्याचा खालचा, धाकट्याचा चढणारा. आणि हे पाचही शब्द सूप थांबेल तेव्हाच पडले पाहिजेत.

पण मूळ मुद्रणात सूप आणि बोलणं एकाच माइकवर चिकटलेलं. बोलणं नव्याने मुद्रित करता आलं, तरी सुपाच्या मागे जुनं बोलणं भुतासारखं कुजबुजत राहिलं. शेवटी सूपही नव्याने केलं. माझ्या घरी, रात्री, वेताचं सूप आणि अर्धा किलो तांदूळ. आधी प्लॅस्टिकचं सूप वापरलं होतं, ते खडखडतं. वेतावर तांदूळ सरकतात, आणि पाखडताना शेवटी दाणे काठावर येऊन थांबतात तिथे एक छोटी फुंकर टाकल्यासारखी शांतता पडते. त्या शांततांमध्ये पाच शब्द बसवले.

हात कधी थांबायचा यावर आमचं बरंच भांडण झालं. "बंब धाकट्याकडं" हे ऐकू येतं आणि त्याच क्षणी हात थांबतो, असं आधी होतं. ते कळसूत्री बाहुलीसारखं दिसायचं. ऐकलेलं आत पोचायला वेळ लागतो. तो हात बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद उशिरा थांबवला आणि बाई ऐकायला लागल्या. झोपाळ्याच्या वेळी उलट केलं. आधी बाहेरचं बोलणं थांबतं, मग कुरकुर थांबते, मग सूप थांबतं आणि प्रेक्षक कान देतो. तेव्हा काका म्हणतात, "झोपाळा." कुणाकडे ते ऐकू येत नाही.

अर्ध्या वाक्याचा प्रश्न सगळ्यांत नाजूक होता. धाकटा विचारतो, "आणि आत्याचं?" थोरल्याचं उत्तर संहितेत होतं : "राहील की माजघरात, आहे तोवर." दिग्दर्शिकेला ते ऐकू येऊ द्यायचं नव्हतं. माझी अडचण निराळी होती. मुद्दाम बुडवलेलं वाक्य आणि माझ्या हातून बुडालेलं वाक्य, यांतला फरक प्रेक्षकाला कसा कळणार? दुसऱ्या चाचणीत ते वाक्य नुसतं खालच्या आवाजात होतं, आणि दोघांनी ‘इथे साउंड गेला’ असं लिहून दिलं. तिसऱ्या वेळी "राहील की" एवढं स्वच्छ ठेवलं आणि पुढच्या शब्दावर झोपाळ्याच्या कड्या खळखळल्या. मोठ्याने, आणि तोवर ओळखीच्या झालेल्या. वाक्य कशाने झाकलं ते कळलं, की प्रेक्षक रागावत नाही. तोही आत्यासारखा उरलेलं वाक्य मनात पुरं करायला लागतो.

गळफास

आता त्या चौघांकडे. पहिल्या मिक्समध्ये झोपाळा काढण्याचे आवाज या क्रमाने होते : स्टूल सरकतं, कुणी वर चढतं, कडी वाजते, जड धप्प, आणि मग पूर्ण शांतता. ती शांतता दिग्दर्शिकेची लाडकी होती. झोपाळा गेला, घर मुकं झालं. कागदावर वाचलं तर आपल्यालाही कळायला हवं होतं की हा क्रम दुसऱ्याच कशाचा आहे.

मी आधी धप्प बदलायला गेलो. सागवानी फळी खरी आपटून मुद्रित केली, दोनदा. फरक पडला नाही. मग पुन्हा चौघांशी बोललो, तेव्हा एकाने सांगितलं, "नंतर कुणी काहीच बोललं नाही ना." दोष धप्पचा नव्हताच, त्यानंतरच्या शांततेचा होता. न दिसणारी वस्तू पडली की काय पडलं हे माणूस आजूबाजूच्या माणसांवरून ठरवतो. कप पडला तर कुणी च्यक् करतं, म्हातारं पडलं तर धावपळ होते. कुणीच काही केलं नाही, तर ऐकणारा सगळ्यात वाईट तेच धरतो.

नव्या रचनेत झोपाळा काढणं हे काम आहे. चार कड्या, चारदा. पहिली अडते, दुसरी सहज, मग स्टूल दुसऱ्या बाजूला, तिसरी, चौथी. मध्ये "धर… धर… सोड." फळी पडत नाही, ठेवली जाते : एक टोक टेकतं, मग दुसरं. मग कुणी खोकतं, चपला फरशीवर, आणि "तिकडनं घ्या, चौकट लागंल." या ओळी संहितेत नव्हत्या, वाड्यावर स्पीकर उचलताना आमचीच माणसं जे बोलत होती ते मी टिपून घेतलं. चार कड्या वाजल्यावर तिसऱ्या चाचणीतल्या अकराही जणांनी झोपाळा काढला असंच सांगितलं.

शांतता आम्ही टाकली नाही, पुढे सरकवली. टेम्पो गेल्यावर. तिथे ती झोपाळ्याचीच आहे हे कळतं, कारण दीड मिनिटं ऐकलेली कुरकुर आता नाही. वीस सेकंद आत्या बसून आहे. नुसती मोकळी शांतता ठेवली तर आवाज बंद पडल्यासारखा वाटतो, म्हणून खाली माजघराची स्वतःची हवा आहे आणि एकदा लांबवर कोंबडा.

टेम्पोचं थोडक्यात सांगतो. इंजिनाची घरघर आली की गेली, हे नुसत्या पातळीवरून प्रेक्षकाला ठरवता आलं नाही, म्हणून ते काका पाहुणे आले म्हणाले. येताना आता रिव्हर्सचा टिंव-टिंव आहे. जाताना फाळका वर घेऊन खिट्टी मारल्याचा आवाज, आणि मग पहिला, दुसरा, तिसरा गियर, प्रत्येक आधीच्यापेक्षा लांब. चढते गियर म्हणजे निघाला, हे रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाही समजतं.

मोबाईल

महोत्सवांसाठीचा मिक्स झाला आणि मग लघुपट लोक मोबाईलवर बघणार हे उघड होतं. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालच्या पट्टीतलं जवळपास काहीच बाहेर येत नाही. टेम्पोची घरघर नाहीशी झाली, पण खिट्टी आणि रिव्हर्सचा आवाज टिकले, त्यामुळे टेम्पो वाचला. झोपाळा वाचला, कारण कुरकुर मधल्या पट्टीत असते. पाच शब्द मात्र गेले. बोद्या आवाजाचा गाभा स्पीकरने काढला नाही, आणि फटीतून येणाऱ्या त्या बारीक कडा बघणाऱ्याच्या घरच्या पंख्यात विरल्या.

म्हणून वेगळी आवृत्ती केली. तिच्यात बंद दाराचं मुद्रण आणि अर्ध्या लोटलेल्या दाराचं मुद्रण मिसळलं आणि पाचही शब्द चार डेसिबलने उचलले. मोबाईलवर आता ते कळतात. दिग्दर्शिकेने माझ्यासमोर दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ हेडफोनवर ऐकल्या आणि हेडफोन काढून ठेवत म्हणाली, "यात आत्या माजघरात नाहीये. उंबऱ्यावर येऊन बसलीय." तिचं खरं आहे. मोबाईलसाठीची आवृत्ती तशीच गेली आहे.